रमजानचं वेळापत्रक: आधी झोप, मग पाणी, मग काम, शेवटी जेवण

रमजान जवळ आला की घरात पहिली चर्चा सहरी आणि इफ्तारच्या पदार्थांची होते. मीही बरीच वर्षं तसंच करत होतो. नोकरी लागली त्या वर्षी शाबानमध्येच महिनाभराच्या जेवणाची यादी तयार होती. तरीही सातव्या रोजाला दुपारी तीनच्या सुमारास मी एकाच तक्त्यात दोनदा चुकीचे आकडे भरले. त्या वेळी भूक लागली नव्हती आणि घसाही फारसा कोरडा नव्हता. सलग सहा रात्री साडेचार तास झोप झाली होती, आणि हे माझ्या यादीत कुठेच नव्हतं.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने आखणी करतो. आधी झोपेचे तुकडे बसवतो, त्याभोवती पाणी, मग कामाच्या वेळा, आणि उरलेल्या जागेत जेवण. पुढचा आराखडा दिवसा नोकरी करणाऱ्या, तरावीह जमातीसोबत पढणाऱ्या आणि साधारण तेरा ते साडेतेरा तासांचा रोजा असणाऱ्या माणसासाठी आहे. पंधरा तासांपर्यंत तो थोड्या फेरफाराने चालतो. त्याहून लांब रोजा असेल तर रात्र इतकी लहान होते की मुख्य झोप फजरनंतर घ्यावी लागते, आणि मग मांडणीच वेगळी करावी लागते.

पहिली पायरी: चार वेळा, दोन तारखांच्या

कागदावर चार वेळा लिहा: फजरची सुरुवात, सूर्योदय, मगरीब आणि इशाची जमात. या चार वेळा महिन्याच्या पहिल्या दिवसासाठी आणि शेवटच्या दिवसासाठी अशा दोनदा लिहायच्या. लोक पहिल्या दिवसाच्या वेळा बघून गजर लावतात आणि महिनाभर तोच ठेवतात, पण तीस दिवसांत पहाट वीस-पंचवीस मिनिटं सरकू शकते. विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितका हा फरक वाढतो.

फजरच्या वेळेबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. सूर्य क्षितिजाखाली ठरावीक अंशांवर असताना पहाट सुरू झाली असं धरतात, आणि तो अंश प्रत्येक पद्धतीत सारखा नसतो. काही पद्धती अठरा अंश धरतात, काही पंधरा. उष्ण कटिबंधात एवढ्याने बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. म्हणून मोबाइलवरची वेळ आणि मशिदीच्या वेळापत्रकातली वेळ जुळत नाही तेव्हा दोन्हींपैकी एक चूक असतेच असं नाही. जिथे नमाज पढता त्या मशिदीचं वेळापत्रक धरा आणि ॲपच्या सेटिंगमध्ये त्याच्याशी जुळणारी पद्धत निवडा. काही वेळापत्रकांत सहरी संपण्याची वेळ खबरदारी म्हणून फजरच्या दहा मिनिटं आधीची छापलेली असते. तुमच्या कागदावर कोणती वेळ आहे ते एकदा विचारून घ्या, नाहीतर दोन्हीकडून खबरदारी घेऊन रोज वीस मिनिटांची झोप जाते.

उदाहरणासाठी या वेळा धरू. पहिल्या रोजाला फजर ५.४५, सूर्योदय ७.००, मगरीब ६.४० आणि इशाची जमात ८.००. शेवटच्या रोजाला फजर ५.२२, सूर्योदय ६.३८, मगरीब ६.५० आणि इशा ८.१०. पहिला रोजा बारा तास पंचावन्न मिनिटांचा आणि शेवटचा तेरा तास अठ्ठावीस मिनिटांचा. दरवर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद उपयोगाचा नाही.

दोन आठवडे आधी: चहाचा हिशेब

पहिल्या दोन-तीन रोजांना जे डोकं दुखतं त्याला बरेच लोक उपाशीपणाचा त्रास समजतात. ज्यांना रोज तीन-चार कप चहा किंवा कॉफी लागते त्यांच्या बाबतीत ते बहुधा कॅफिन तुटल्याचं दुखणं असतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत ते सुरू होतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे. इफ्तारला पाणी आणि जेवण झाल्यावरही डोकं हलकं होत नाही, पण चहा घेतल्यावर अर्ध्या तासात होतं.

यावर इलाज शाबानमध्येच करायचा. चार कप असतील तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करा. आधी दुपारचा कप सोडा, मग संध्याकाळचा, मग अकराचा. शेवटचा उरतो तो सकाळचा कप. रमजानच्या आधीच्या दोन दिवसांत तो अर्धा करा.

मग महिन्यात चहा प्यायचा कधी? इथे मला बरीच वर्षं चाचपडावं लागलं. सहरीला घेतला तर फजरनंतरची झोप लागत नाही, कारण कॅफिनचा जोर अर्ध्या-पाऊण तासात चढतो. तरावीहनंतर घेतला तर रात्रीची झोप उशिरा लागते, कारण पाच-एक तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. आता मी मगरीबच्या नमाजनंतर लगेच, सातच्या आत, अर्धा कप घेतो आणि तेवढाच. जे फजरनंतर झोपत नाहीत त्यांनी सहरीचा कप ठेवावा, त्यांना तो दिवसभर कामाला येईल. दोन्ही ठेवू नका.

झोपेचे तीन तुकडे

रमजानमध्ये सलग सात तासांची झोप बसत नाही, आणि ती बसवायचा हट्ट धरला की तरावीह तरी जाते किंवा सहरी तरी. त्यापेक्षा झोपेचे तीन तुकडे मान्य करा: रात्रीची मुख्य झोप, फजरनंतरची लहान झोप आणि दुपारची डुलकी.

गणित सहरीपासून मागे जात करायचं. सहरी फजरच्या जितकी जवळ तितकं चांगलं. पैगंबरांची सहरी आणि अजान यांत पन्नास आयती वाचण्याइतकं अंतर असे, अशी हदीस आहे. झोपेच्या दृष्टीनेही ते फायद्याचं आहे. मध्यरात्री दोन वाजता जेवून झोपायचं आणि पुन्हा फजरला उठायचं यात रात्र मधोमध तुटते, पोट जड राहतं आणि रोजाही प्रत्यक्षात तीन-चार तासांनी लांबतो.

माझ्या वेळा अशा बसतात. इशा आठला, तरावीह साडेनऊच्या आत आटोपते. घरी ९.४०. अर्धा तास पाणी, थोडं खाणं आणि उद्याची तयारी. १०.१५ ला अंथरूण, साडेदहापर्यंत झोप. ४.५० ला उठणं, म्हणजे सहा तास वीस मिनिटं झाली. सहरी पाच ते ५.३५. फजरची जमात सहाच्या सुमारास. ६.१५ ते ७.१० दुसरी झोप, पंचावन्न मिनिटं. दुपारी वीस मिनिटं. एकूण साडेसात तासांच्या आसपास.

शेवटच्या आठवड्यात पहाट अलीकडे येते आणि उठण्याची वेळ साडेचार होते. रात्रीची झोप सहा तासांवर येते. पण फजरही लवकर आटोपते आणि ऑफिसची वेळ तीच असते, म्हणून दुसरी झोप ५.५५ ते ७.१० अशी सव्वा तासाची होते. रात्री गेलेली वीस मिनिटं सकाळी परत मिळतात. हे कळलं नाही तर माणूस महिन्याच्या शेवटी रात्री लवकर झोपण्यासाठी विनाकारण धडपडतो. दर आठवड्याला गजर पाच-सहा मिनिटं मागे घ्या, बस.

दुसऱ्या झोपेबद्दल एक सावधगिरी. सहरीनंतर चाळीस मिनिटांत आडवं झालं की काहींच्या छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं. सहरी कमी तेलाची असेल आणि डोकं-खांदे उशांनी थोडे उंच ठेवून डाव्या कुशीवर झोपलात तर बहुतेकांचं भागतं. तरीही जळजळ होत राहिली तर ही झोप सोडून द्या. अशा वेळी आठ किंवा वीस रकात पूर्ण करून मशिदीत गप्पांना न थांबता थेट घरी येणं आणि पावणेदहाला दिवा मालवणं हा बदल करावा लागतो. त्यात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मिळतात.

दुपारची डुलकी वीस मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. चाळीस-पन्नास मिनिटं झाली की माणूस गाढ झोपेतून उठतो, आणि पुढचा अर्धा तास डोकं सुन्न राहतं. त्या दिवशी झोपेचा फायदा होण्याऐवजी कामाचा अर्धा तास जातो. जोहरच्या नमाजनंतर बसल्या जागी, गजर लावून, डोळ्यांवर रुमाल टाकून घेतलेली झोप पुरते. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहा.

आता एक हिशेब, जो माझ्या कागदावर फार उशिरा आला. घरात सहरी जी बनवते तिची झोप कुणी मोजतच नाही. मी ४.५० ला उठत होतो, पण बायको चारला उठत होती, आणि रात्री भांडी आवरून अकराला पडत होती. तिची रात्र पाच तासांची. तीही नोकरी करते. महिन्याच्या मध्याला ती आजारी पडली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वेळापत्रक फक्त माझंच होतं. आता आमच्याकडे सहरीला पहाटे काही शिजत नाही. डाळ रात्रीच्या जेवणातलीच, अंडी रात्री उकडून ठेवलेली, पीठ मळलेलं किंवा ओट्स दह्यात भिजवलेले. पहाटे फक्त गरम करायचं, आणि ते एक दिवसाआड मी करतो. भांडी इफ्तारनंतर लगेच सगळे मिळून घासतो. आता दोघंही ४.५० लाच उठतो. तुमच्या घरात सहरी करणारी व्यक्ती कोण, ती किती वाजता झोपते आणि किती वाजता उठते, हे त्याच कागदावर लिहा. तिचे सहा तास होत नसतील तर आखणी अजून पूर्ण झालेली नाही.

पाणी: आठ पेले, सात वेळा

सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी पिणारे मी दरवर्षी बघतो. त्यातलं बरंचसं दीड-दोन तासांत लघवीवाटे निघून जातं, आणि त्यापायी फजरनंतरची झोपही मोडते. शरीर पाणी साठवून ठेवत नाही. ते थोडं थोडं, अन्नासोबत आणि बऱ्याच तासांत पसरून दिलं तर जास्त काळ उपयोगी पडतं.

मोठा पेला अडीचशे मिलिलिटरचा धरून माझी वाटणी अशी असते: अजानला एक, जेवणासोबत एक, इशाला निघताना एक, तरावीहच्या विश्रांतीत बाटलीतून एक, घरी आल्यावर एक, पहाटे उठल्या उठल्या एक आणि सहरीसोबत हळूहळू दोन. दोन लिटर झाले. डाळ, दही, फळं, भाज्या यांतून आणखी पाणी मिळतं. उन्हात किंवा भट्टीजवळ काम असेल तर तरावीहच्या आधी आणि नंतर एकेक पेला वाढवा. झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात मात्र घोटभरच प्या, नाहीतर रात्री एकदा उठावं लागेल.

पुरेसं होतंय की नाही हे तहानेवरून कळत नाही, कारण कोरडं तोंड पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच असतं. लघवीचा रंग बघा. दुपारी तो पिवळा असणं ठीक. संध्याकाळी गडद असला तरी रात्री तरावीहनंतर फिकट व्हायला हवा. रात्री झोपतानाही गडदच असेल तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात उधारीवर होते. सलग दोन रात्री असं झालं तर पेले वाढवा आणि सहरीतलं मीठ कमी करा. लोणचं, पापड, खारवलेले पदार्थ आणि पाकिटातले नूडल्स सहरीला नकोत, त्यांनी सकाळी दहालाच तहान लागते.

इफ्तार दोन टप्प्यांत

खजूर आणि पाण्याने रोजा सोडायची रीत आहे आणि ती पोटालाही सोयीची आहे. दोन-तीन खजुरांतली साखर लवकर रक्तात उतरते आणि रिकाम्या पोटावर ओझं पडत नाही. त्यानंतर मगरीबची नमाज होते आणि दहा-बारा मिनिटं सहज जातात. तेवढ्यात भुकेची पहिली घाई ओसरते. मग बसून जेवलं की ताट आपोआप लहान होतं. नमाजेआधीच सगळं ताट संपवलं तर पोटाला भरल्याची खबर मेंदूकडे पोचवायला वेळच मिळत नाही.

दुसऱ्या टप्प्यात साधं, पूर्ण जेवण असावं: पोळी किंवा भात, डाळ किंवा मांस, भाजी आणि दही. ऊन ऊन सूप चांगलं. तळलेल्या पदार्थांवर माझं मत कडक आहे. त्यांच्याशिवाय इफ्तार सुना वाटतो हे मान्य, पण तेलकट अन्न पोटात जास्त वेळ राहतं आणि तासाभराने तुम्हाला तरावीहमध्ये रुकू-सजदा करायचा असतो. तिसऱ्या-चौथ्या रकातीत घशाशी येतं त्याचं कारण बहुतेक वेळा ते असतं. आठवड्यातून दोन दिवस ठरवून तळण ठेवा आणि ताटात दोनच तुकडे घ्या.

तरावीहनंतर भूक असेल तर फळ, मूठभर दाणे किंवा दही एवढंच. रात्री दहाला दुसरं जेवण केलं की सहरीला भूक नसते. मग सहरी टाळली जाते आणि दुसऱ्या दिवसाचा रोजा वीस-एकवीस तासांचा होतो. सहरी चुकवणाऱ्यांना विचारा, बहुतेकांचं मूळ आदल्या रात्रीच्या ताटात सापडेल.

सहरीकडून किती अपेक्षा ठेवायची

दिवसभर भूक लागणार नाही असं कुठलंही अन्न नाही. साधं जेवण चार-पाच तासांत पोटातून पुढे सरकतं. त्यानंतर शरीर यकृतातला साठा वापरतं आणि तो उतरत गेला की चरबीकडे वळतं. सहरी त्या पहिल्या टप्प्याची घसरण सावकाश करते, एवढंच तिचं काम आहे. म्हणून भरपूर खाण्यापेक्षा सावकाश पचणारं खाणं महत्त्वाचं. पांढरा पाव, जॅम आणि गोड चहा अशी सहरी असेल तर दहा-साडेदहालाच हात गळतात. अखंड धान्याची पोळी किंवा ओट्स, सोबत दोन अंडी किंवा डाळीची वाटी, दही, एक फळ आणि एखादा चमचा तूप, शेंगदाणे किंवा बदाम, एवढं बऱ्याच जणांना पुरतं. पहाटे जेवण जातच नसेल तर पहिल्या तीन दिवसांत अर्धीच पोळी खा, चौथ्या-पाचव्या दिवसापासून भूक त्या वेळेला जागी होऊ लागते.

कामाच्या वेळा: काय मागायचं आणि काय कुठे ठेवायचं

माझी एरवीची वेळ साडेनऊ ते साडेसहा, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. घरी पोचायला पाऊण तास. म्हणजे ६.४० ला मी वाटेत. पहिल्या वर्षी रोज वाहनातच रोजा सोडला, बाटलीतल्या पाण्यावर. त्यात वाईट काही नाही, पण पुढची सगळी साखळी बिघडते. जेवण साडेसातला, मग घाईत इशा, जड पोटाने तरावीह आणि उशिरा झोप.

नंतर मी शाबानच्या मध्यावर लेखी अर्ज द्यायला लागलो. त्यात सवलत मागत नाही, तास तेवढेच ठेवतो. साडेआठ ते पाच, जेवणाची सुट्टी अर्धा तास. एरवीही आठ तास काम, आताही आठ तास. अर्जात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, चंद्रदर्शनामुळे एक दिवस मागेपुढे होण्याची शक्यता आणि पाचनंतर तातडीचं काम निघालं तर सातनंतर मी फोनवर मिळेन, एवढं लिहितो. नेमकी मागणी असली की वरिष्ठांना निर्णय घेणं सोपं जातं. वेळ बदलता येत नसेल तर निदान तेवढ्या महिन्यात साडेपाचनंतरच्या बैठका दुसरीकडे हलवता येतील का ते विचारा. इफ्तार कामाच्या जागीच होणार असेल तर खजूर, पाणी आणि डब्यात पूर्ण जेवण न्या. फक्त खजुरांवर घरापर्यंत येणाऱ्याचं जेवण नेहमी उशिरा आणि जास्त होतं.

दिवसाच्या आत कामाची मांडणी करताना डोकं कधी चालतं ते बघा. साडेनऊ ते साडेबारा हा माझा चांगला वेळ. लिहायचं, तपासायचं, हिशेबाचं काम तेव्हा करतो. अडीच ते चार हा काळ एरवीही सुस्तीचा असतो आणि रमजानमध्ये ती दुप्पट जाणवते. त्या वेळी पत्रांना उत्तरं देणं, कागद लावणं, कुणाशी उभ्याने बोलायचं ते बोलणं अशी कामं ठेवतो. तो दोनदा चुकलेला तक्ता दुपारी तीनचाच होता, म्हणून दुपारी भरलेला कुठलाही आकडा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहतो.

संध्याकाळी वाहन चालवत असाल तर एक नियम पाळा. मगरीबच्या आधी पोचण्यासाठी वेग वाढवायचा नाही. उशीर झाला तर गाडी बाजूला घेऊन पाण्याने रोजा सोडा. त्यासाठी गाडीत पाणी आणि खजूर कायम ठेवा. थकवा आणि घाई दोन्ही एकाच वेळी असतात तो हाच अर्धा तास.

व्यायाम करणाऱ्यांनी जोराचा व्यायाम तरावीहनंतर किंवा इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी करावा, आणि तोही अर्ध्या तासाचा. बाकी दिवस चालण्यावर भागवावं.

औषधं, आणि रोजा कधी सोडायचा

आजारी, प्रवासी, गरोदर आणि स्तनदा माता यांना रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे. कजा रोजे नंतर पूर्ण करता येतात, आणि जे कायमचे असमर्थ आहेत त्यांच्यासाठी फिदया आहे. ही मुभा स्वतःवर वापरायला माणसं लाजतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. माझ्या ओळखीच्या एका वडीलधाऱ्यांनी मधुमेहाची गोळी स्वतःच्या मनाने सकाळऐवजी सहरीला पूर्ण घेतली आणि दुपारी चारला ते घामाघूम होऊन कोसळले. साखर खाली गेली होती.

मधुमेह असेल तर रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही गोळ्यांची आणि इन्सुलिनची मात्रा तसंच वेळ, दोन्ही बदलावे लागतात. काहींनी रोजा ठेवूच नये असा सल्लाही मिळतो आणि तो मानावा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात, म्हणून तपासणी टाळू नका. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा त्याच वेळी सोडायचा, मगरीबला वीस मिनिटं उरली असली तरी.

दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या बऱ्याचदा सहरी आणि इफ्तारवर बसतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी लागते. तिच्यासाठी डॉक्टर बहुधा सहरीच्या अर्धा तास आधी किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना असे पर्याय देतात. दुसऱ्या पर्यायात तरावीहनंतरचं खाणं बंद ठेवावं लागतं, हे आखणीत धरा.

मधुमेह नसलेल्यांनीही काही खुणा ओळखाव्यात. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बसल्यावरही जात नाही, बोलणं असंबद्ध होतं, हात थरथरतात, सकाळपासून लघवीच झालेली नाही किंवा उलटी थांबत नाही. अशा वेळी रोजा सोडून पाणी आणि काही गोड घ्यायचं, आणि बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठायचा. एक रोजा कजा म्हणून नंतर ठेवता येतो.

शेवटचे दहा दिवस आणि ईदनंतर

विसाव्या रोजानंतर आखणी बदलते. एकवीस, तेवीस, पंचवीस, सत्तावीस आणि एकोणतीस या रात्री लैलतुल कद्रच्या शोधात जागल्या जातात. दहाही रात्री पूर्ण जागून ऑफिस करायचं ठरवलं तर तिसऱ्या रात्रीनंतर इबादतीतही लक्ष लागत नाही. मी आधीच सत्तावीसच्या आणि आणखी एका रात्रीनंतरच्या दिवसाची रजा टाकून ठेवतो. त्या दोन रात्री पूर्ण जागतो. बाकी विषम रात्री तरावीहनंतर लगेच झोपतो आणि अडीचला उठून सहरीपर्यंत जागा असतो. तेव्हा चार तासांची मुख्य झोप आणि फजरनंतर सव्वा तास मिळतो. सम रात्री नेहमीची पूर्ण झोप. रजा मिळणार नसेल तर इशानंतर जागण्यापेक्षा पहाटेआधीचा हाच दीड-दोन तासांचा भाग धरा, दुसऱ्या दिवशी काम निभावतं.

ईदच्या सकाळी पोटाला महिनाभर नसलेला नाश्ता, दुपारचं जेवण आणि प्रत्येक घरचं गोड एकदम मिळतं. पहिल्या दिवशी वाट्या लहान घ्या, चहा दोन कपांवर ठेवा. त्या रात्री साडेदहालाच झोपा आणि पहिले तीन दिवस फजरनंतरची झोप अर्ध्या तासाने कमी करत चौथ्या दिवशी बंद करा. सकाळ एकदम पूर्वीसारखी करायला गेलात तर कामावर जायच्या पहिल्या सोमवारी पुन्हा तीच दुपारी तीनची झापड येते.